अक्कांना आधी आपलं नाव सांगा

"ताई, माझ्या सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. सगळे त्यांना अक्का म्हणतात. माहेर हरिपूरचं. त्यांना अल्झायमर असल्याचं दोन वर्षांपूर्वी कळलं. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो, घरी माणसांचा राबता खूप. येणारा प्रत्येक जण दारातूनच 'अक्का, ओळखलं का? सांगा बघू मी कोण?' असं विचारतो. अक्का हसून 'व्हय की, न ओळखायला काय झालं' म्हणतात आणि पाहुणे गेले की संध्याकाळभर बेचैन असतात, जेवत नाहीत. माझे मिस्टरही रोज सकाळी त्यांना 'मी कोण? आज वार कोणता?' असं विचारतात. त्यानं मेंदूला व्यायाम होतो, असं त्यांचं म्हणणं. आता गणपतीत पुण्याहून धाकटे दीर सुनील आणि त्यांची मुलगी सई येणार आहेत. मागच्या वेळी अक्का सईला 'सुमन' म्हणाल्या. सुमन ही अक्कांची बहीण, ती वारून बरीच वर्षं झाली. पोरगी रडत बसली. येणाऱ्यांना काय सांगू? आणि त्यांनी अक्कांशी बोलायला सुरुवात तरी कशी करायची?
— एक सून, सांगली"

विचारणाऱ्यांच्या मनात काही वाकडं नसतं, हे आधी मान्य करू. आपल्या भागात बऱ्याच दिवसांनी थोरलं माणूस भेटलं की पुढ्यात उभं राहून 'वळखा बघू' म्हणायची रीतच आहे, आणि ठणठणीत म्हाताऱ्यांना ती आवडतेही. ते चष्मा वरखाली करतात, 'थांब, सांगू नको' म्हणतात, चेहऱ्याच्या ठेवणीवरून घराणं जुळवतात आणि नाव बरोबर निघालं की दोन्हीकडे आनंद. अक्कांना हा खेळ आता जिंकता येत नाही, आणि आपण हरतोय एवढं मात्र त्यांना कळतं.

माणूस ओळखणं बाहेरून एकच गोष्ट दिसते, पण आत तिचे टप्पे असतात. हा चेहरा आपल्यातला आहे असं वाटणं, हा आपला कोण लागतो ते कळणं, आणि मग नाव ओठावर येणं. यातलं नाव सगळ्यात आधी निसटतं. लग्नाच्या मांडवात समोरच्या बाईचं नाव तुमचं-माझंही अडतंच की. अल्झायमरमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लवकर झिजायला लागतो. त्यामुळे नवीन गोष्टी साठत नाहीत, आणि साठलेल्या हव्या तेव्हा बाहेर काढणं अवघड होत जातं. त्यातही कसलाच धागा हातात न देता 'सांगा' म्हणणं सगळ्यात कठीण. त्या मानानं नाव कानावर पडल्यावर 'होय, हा आपलाच' असं वाटणं पुष्कळदा मागे उरलेलं असतं. म्हणजे 'सुनील' हे नाव अक्कांना स्वतःहून काढता येणार नाही कदाचित, पण 'मी सुनील' असं ऐकल्यावर त्यांचा चेहरा खुलू शकतो. 'मी कोण?' विचारणारा माणूस नेमकं जे उरलं नाही तेच मागतो, आणि जे उरलंय ते वापरायला वावच ठेवत नाही.

अक्कांच्या 'व्हय की' ला कुणी सोंग म्हणू नये. पाहुण्याचा मान राखणं, हसून वेळ निभावून नेणं, गप्पांचा सूर धरणं ही जन्मभराची सवय या आजारात बराच काळ टिकते. तासगावकडच्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरी माझं जाणं होतं. जुने विद्यार्थी यायचे आणि 'सर, ओळखलं का?' विचारायचे. सर क्षणभर निरखायचे आणि म्हणायचे, 'तू पाटलाचा ना रे?' आपल्या जिल्ह्यात हा अंदाज किती वेळा बरोबर येतो ते तुम्हाला सांगायला नको. विद्यार्थी खूश होऊन बाहेर पडायचे आणि सरांची स्मरणशक्ती अजून शाबूत आहे असं गावभर सांगायचे. अंदाज चुकला की मात्र सरांचा चेहरा पडायचा. मग त्या दिवशी कुणीही आलं तरी ते आतल्या खोलीतून बाहेर येत नसत. घरच्यांनी धरून ठेवलं होतं की सरांना आता माणसं नकोशी झालीत.

तिथं बदललं ते एवढंच. बाई ओट्यावरच पाहुण्याचं नाव, गाव विचारून घ्यायला लागल्या आणि त्याच्या पुढे आत येत मोठ्यानं सांगायला लागल्या, 'अहो, मणेराजुरीचा संजय आलाय, तुमचा विद्यार्थी. द्राक्षं आणलीत बघा.' सर 'ये रे संजय' म्हणायचे आणि पुढं अर्धा तास द्राक्षावर बोलायचे. छाटणी, औषधं, बेदाणा, सगळं. संजय कोणत्या सालचा, कुठल्या वर्गातला, हे त्यांना आठवत होतं की नाही ते मला माहीत नाही. त्या अर्ध्या तासात त्याची कुणाला गरजही पडली नाही.

आता पाहुणे गेल्यानंतरच्या संध्याकाळबद्दल. कोण आलं होतं, काय विचारलं, हे अक्कांच्या मनातून पाच-दहा मिनिटांत पुसलं जात असेल. त्यानं आलेली लाज किंवा भीती तेवढ्या वेळात जात नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली हे तपासून प्रसिद्ध केलं. त्यांनी अल्झायमर असलेल्या लोकांना दुःखी आणि आनंदी चित्रपटांचे तुकडे दाखवले. थोड्या वेळानं बघितलेलं जवळजवळ काहीच आठवत नव्हतं, तरी दुःखी तुकडा बघून आलेली उदासी मागं रेंगाळत होती. कारण विसरलं आणि मनःस्थिती राहिली. अक्कांचं तसंच होत असणार. आपल्याला कसंतरी होतंय, पण कशानं ते सापडत नाही. मग त्या ताटावरून उठतात, दार-खिडकी करतात, आणि 'काय होतंय?' या तुमच्या प्रश्नालाही त्यांच्याकडे उत्तर नसतं.

याच्याही फार आधीची एक हकीकत आहे, थोडी निर्दय. जिनिव्हात क्लापारेद नावाचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे स्मृती गेलेली एक बाई होती. तिचा आजार वेगळा होता, पण रोज भेटूनही ती त्यांना ओळखत नसे. एकदा त्यांनी हातात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. टोचल्याचं ती लवकरच विसरली. पुढं त्यांनी हात पुढं केला तेव्हा मात्र तिनं आपला हात मागं घेतला, आणि का ते तिला नीट सांगता येईना. १९११ साली त्यांनी हे लिहून ठेवलं. असा प्रयोग आज कुणी करू धजणार नाही. पण तुमच्या घरी येणाऱ्या एखाद्या ठरावीक माणसाला बघून अक्का कारण नसताना आक्रसत असतील, तर तो आल्याआल्या काय विचारतो याकडे लक्ष द्या. याची दुसरी बाजूही खरी आहे. ज्याच्या भेटीत त्यांना बरं वाटलं, त्याचं नाव आठवलं नाही तरी पुढच्या वेळी त्या त्याच्याजवळ मोकळ्या बसतील.

तुमच्या मिस्टरांचा मुद्दा मी बाजूला सारणार नाही, कारण ते मनापासून करतात. दवाखान्यात डॉक्टर वार विचारतात, गाव विचारतात, तीन शब्द सांगून थोड्या वेळानं परत म्हणायला लावतात. तीस गुणांची ती चाचणी बघूनच बहुधा त्यांनी हे घरी सुरू केलं. डॉक्टर त्यातून आजार किती पुढं गेलाय ते मोजतात, आणि तेही काही महिन्यांनी एकदा. रोज थर्मामीटर लावून ताप उतरत नाही, तसंच हे आहे.

शिवाय रोज विचारण्यात एक तोटा आहे जो चटकन दिसत नाही. या आजारात एकदा चुकलेला अंदाजही डोक्यात बसून राहू शकतो. 'मी कोण?' ला अक्का एकदा 'दादा' म्हणाल्या, की उद्याही तोच शब्द आधी पुढं येण्याची शक्यता वाढते. या क्षेत्रातले जाणकार सुरुवातीच्या पायरीवरच्या रुग्णाला एखादी गरजेची गोष्ट शिकवतात, समजा औषधांचा डबा कुठं आहे ते, तेव्हाही उत्तर आधी स्वतः सांगतात, लगेच त्याच्याकडून म्हणून घेतात आणि मग मधलं अंतर हळूहळू वाढवतात. चुकायची पाळीच येऊ द्यायची नाही, असा त्यामागचा हिशोब. तेव्हा मिस्टरांना सांगा, सकाळी चहा घेऊन जाताना तुम्हीच उत्तर द्या. 'अक्का, मी थोरला. चहा आणलाय. आज सोमवार, आपली पाण्याची पाळी.' तीच माहिती अक्कांच्या कानावर पडते, आणि दिवसाची सुरुवात नापास होऊन होत नाही. त्यांना अक्कांच्या तोंडून आपलं नाव ऐकायचं असतं, हेही मला कळतं. ते कधीकधी येईलही, न मागता.

आता गणपतीची तयारी. सुनील यायच्या आधी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चार ओळी टाका. दारात उभं राहून प्रत्येकाला समजावणं अवघड असतं, आणि ते अक्कांच्या देखत बोलणं बरंही नाही. असं काहीतरी लिहा: 'अक्कांना भेटायला जरूर या. आल्यावर आपलं नाव, नातं आणि गाव आपणच सांगायचं. ओळखलं का, आठवतं का, असं विचारायचं नाही. सकाळी दहा ते बारा या वेळात आलात तर अक्का निवांत असतात.' वेळ अक्कांच्या स्वभावानुसार बदला. या आजारात बऱ्याच जणांना दिवस कलला की गोंधळायला होतं, म्हणून शक्यतो आरतीच्या गर्दीतली भेट टाळा. आरतीला त्या बसल्या तर बसू दे. टाळ, घंटा, 'सुखकर्ता दुखहर्ता' हे त्यांना तोंडपाठ असेल. फक्त त्या गोंगाटात कुणी नव्यानं ओळख करून द्यायला जाऊ नये.

अक्का बसतात कुठं, तेही बघा. आपल्याकडे बैठकीची खोली रस्त्याकडे असते. दारात उभ्या राहिलेल्या माणसाच्या पाठीमागं ऊन असतं आणि आत बसलेल्याला नुसती काळी आकृती दिसते. त्यात मोतीबिंदू किंवा चष्मा कपाटावर राहिलेला असला तर विचारूच नका. अक्कांची खुर्ची अशी ठेवा की येणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल. चष्मा पुसून, कानाचं यंत्र असेल तर ते लावून, टीव्ही बंद करून मग पाहुण्याला आत घ्या. सुनीलना हेल्मेट, मास्क, गॉगल बाहेरच काढायला सांगा. स्मृती गेली म्हणून ओळखलं नाही असं ज्याला आपण म्हणतो, त्यातला काही भाग नुसता न दिसण्याचा आणि न ऐकू येण्याचा असतो.

आधी तुम्ही आत जा आणि सांगा, 'अक्का, सुनील आलाय पुण्याहून.' मग सुनीलनी समोरून यायचं, मागून किंवा बाजूनं नाही, आणि चार पावलांवर क्षणभर थांबायचं. अक्कांची नजर वर आली की हात जोडायचे. हात जोडणं हे आपल्याकडे फार सोयीचं आहे, कारण त्याला उत्तर म्हणून त्यांचेही हात आपसूक जुळतात आणि एकही शब्द न आठवता भेट सुरू होते. पाया पडायची घाई नको. अजून ओळख न लागलेलं माणूस एकदम पायाशी वाकलं तर दचकायला होतं. मग खुर्ची ओढून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसायचं आणि नेहमीच्या आवाजात सांगायचं, 'अक्का, मी सुनील. तुझा धाकटा. पुण्यास्नं आलोय, गणपतीला.' नाव, नातं, गाव. एका वेळी एकच लहान वाक्य. लहान मुलाशी बोलतात तसं लाडिक नको, आणि ऐकू कमी येतं असं गृहीत धरून ओरडणंही नको.

यानंतर थांबायचं. हे सगळ्यांना जड जातं. समोरून लगेच काही आलं नाही की आपण घाबरून पुन्हा तेच बोलतो, जास्त मोठ्यानं बोलतो, किंवा 'अगं मी, मी, सुनील!' सुरू करतो. तोवर अक्का पहिल्या वाक्याच्या मध्यात असतात, त्यावर दुसरं येऊन पडतं. मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजायचे, चेहरा हसरा ठेवायचा. बऱ्याचदा सातव्या-आठव्या आकड्याला काहीतरी येतं. नुसतं 'बस की' आलं तरी पुरे. आणि याच शांततेत कुणीतरी नातेवाईक तुमच्याकडे वळून 'ओळखतात का अजून?' असं कुजबुजतो. त्याला नजरेनंच गप्प करा. अक्का तिथंच बसलेल्या आहेत, आणि कान चांगले असतील तर त्यांना ते ऐकू जातं.

पुढं काय बोलायचं? इथं छुपे प्रश्न घात करतात. 'जेवलीस का? काय भाजी होती?' हे किती साधं वाटतं! पण ती अलीकडच्या स्मृतीची परीक्षाच आहे. 'मागच्या वेळी आपण नृसिंहवाडीला गेलो होतो, आठवतंय ना?' हीसुद्धा. 'काल कोण आलं होतं?' तर सरळसरळ. त्यापेक्षा समोर दिसतंय ते बोलावं. 'मोदकांचा वास काय सुटलाय.' 'कृष्णेचं पाणी अजून गढूळच आहे.' हातात काहीतरी द्यावं, म्हणजे बोलणं त्या वस्तूभोवती फिरतं. अक्का हरिपूरच्या, तेव्हा हळकुंडाची वाटी जवळ ठेवा. सईला आधी सांगून ठेवा की हरिपुरात हळद साठवायची पेवं होती, आणि पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत, कोंडलेली हवा आधी जाऊ देत. तिनं हळकुंड हातात घेऊन एवढंच म्हणावं, 'आज्जी, हरिपूरच्या पेवात म्हणे लगेच उतरायचं नसतं.' पुढचं अक्का सांगतील किंवा नुसतं हळकुंड हुंगतील. दोन्ही चालेल. 'आज्जी, पेव म्हणजे काय, सांग बघू' असं विचारलं की मात्र तीच गोष्ट परत प्रश्नपत्रिका होते.

सईच्या रडण्याचं मला वाईट वाटलं, आणि तिला मी हे सांगेन. अक्कांच्या मनात सध्या जो काळ ठळक आहे, तो बहुधा त्यांच्या तरुणपणाचा. त्या काळात वीस-बावीस वर्षांची, घरचंच नाक-डोळे असलेली मुलगी म्हणजे सुमन. त्या काळातल्या सईला त्या ओळखणार कशा, ती जन्मलीच नव्हती. पण हे आपल्या रक्ताचं माणूस आहे एवढं त्यांना लागलं होतं, आणि त्यांनी तिला सगळ्यात जवळच्या नावानं हाक मारली.

पुन्हा तसं झालं तर सईनं काय करावं? 'मी सुमन नाही, सुमनआजी कधीच गेल्या' असं म्हटलं तर बहीण गेल्याची बातमी अक्कांना त्या क्षणी नव्यानं कळते. उलट सुमन होऊन बोलायला लागलं तर दोन मिनिटांत अडकायला होतं, कारण अक्का विचारणार, 'आई कुठाय?' मधली वाट धरावी. 'सुमनआजीसारखी दिसते म्हणतात मी. मी सई, सुनीलची.' एकदाच, हसत. त्यावरही अक्का सुमनच म्हणाल्या तर सोडून द्यावं आणि सुमनबद्दल काय येतंय ते ऐकावं. 'सुमन कुठं राहिली?' असं त्या अधूनमधून विचारत असतील तर 'आठवण आली होय तिची?' म्हणून त्यांच्या शेजारी बसावं. पण त्यांनी थेट डोळ्यात बघून 'सुमन गेली का गं?' विचारलं, तर खरं सांगावं. असा प्रश्न येतो तेव्हा त्यांना आतून काहीतरी माहीत असतं, आणि टाळाटाळ केली तर त्या जास्त घाबरतात. खरं सांगून हात धरून बसावं, तपशिलात शिरू नये.

सुनीलच्या वाट्याला वेगळं येऊ शकतं. त्यांनी नाव सांगितल्यावर अक्का म्हणतील, 'तू न्हवंस सुनील. सुनील शाळेत गेलाय.' त्यांच्या मनातला सुनील अर्ध्या चड्डीतला आहे आणि पुढ्यात टक्कल पडलेला माणूस बसलाय. आधार कार्ड दाखवून हे सुटत नाही. 'होय का? मग तो येईस्तोवर बसतो मी' म्हणावं आणि बसावं. बऱ्याचदा आवाजावरून, हसण्यावरून, एखाद्या जुन्या हाकेवरून मागाहून ओळख लागते. नाही लागली, तरी एका भल्या माणसाबरोबर दुपार गेली. एक अपवाद मात्र पाळा. गैरसमजातून शरीराची जवळीक किंवा कागदावर सही व्हायची वेळ येत असेल, समजा त्या मुलाला आपले यजमान समजत असतील, तर तिथं शांतपणे आणि स्पष्ट सांगायचं, 'अक्का, मी सुनील, तुझा पोरगा', आणि थोडं अंतर ठेवायचं.

कधी अक्का घाबरतील, 'ह्यो कोण घरात शिरलाय?' म्हणतील. तेव्हा पटवून देत बसू नका. पाहुण्यानं हात दिसतील असे ठेवून दोन पावलं मागं व्हावं आणि बाहेर जावं. तुम्ही त्यांच्याजवळ बसा. पंधरा-वीस मिनिटांनी, चेहरा सैलावला की, पुन्हा पहिल्यापासून. 'समोर बसलेला सुनीलसारखा दिसतो, पण तो सुनील नाही, दुसरंच कुणीतरी आहे' असं त्या ठामपणे आणि वारंवार म्हणायला लागल्या, तर ते पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घाला. तो आजाराचा एक वेगळा प्रकार असतो आणि त्यावर इलाजाचा विचार करता येतो.

आणि त्या स्वतःच 'तू कोण गं?' विचारतील तेव्हा सरळ उत्तर द्या, दहाव्यांदा विचारलं तरी पहिल्यांदा दिलं होतं त्याच आवाजात. 'आत्ताच सांगितलं ना!' हे वाक्य घरातून हद्दपार करा. ज्यांचा आजार अजून सुरुवातीला आहे, त्यातले काही जण उलट म्हणतात, 'थांब, मला आठवू दे.' तसं असेल तर थांबावं, खेळ त्यांनी मागितलाय. मदत हवीशी वाटली की पहिलं अक्षर, मग गाव, मग नाव, असं सोडत जावं.

शेवटी एक वेगळी गोष्ट, कारण ती या सगळ्यात मिसळून दुर्लक्षित राहते. अल्झायमरमध्ये ओळख महिन्या-महिन्यांनी, हळूहळू विरत जाते. काल तुम्हाला ओळखणाऱ्या अक्का आज एकाएकी कुणालाच ओळखत नसतील, दिवसा झोपून राहून रात्री जागत असतील, नसलेली माणसं दिसतात म्हणत असतील, तर ते 'आजार वाढला' म्हणून सोडू नका. म्हाताऱ्या माणसात असा अचानक गोंधळ लघवीचा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता, रक्तातलं सोडियम उतरणं किंवा नव्यानं सुरू केलेली गोळी यांतल्या कशानंही होतो, आणि कारण सापडलं तर पुष्कळसा उतरतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं किंवा एका बाजूचा हात-पाय पडला असेल तर दिवसाचीही वाट न बघता थेट मोठ्या दवाखान्यात. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला आणि चार गोष्टी ठरवून जा: हे नेमकं कधीपासून, लघवी-पाणी कसं आहे, अलीकडे कोणती गोळी नवी आली, आणि गेल्या महिन्याभरात अक्का कुठं पडल्या होत्या का.